आयमॅप की पॉप: एका उपकरणावरचा मेल दुसऱ्यावर कधी दिसतो आणि कधी नाहीसा होतो – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयमॅप आणि पॉप या दोहोंत मूळ फरक कोणता?

मेलची मुख्य प्रत कोठे राहते, हा तो फरक आहे. आयमॅप खात्यात मुख्य प्रत सर्व्हरवर असते, आणि फोन, लॅपटॉप किंवा टॅब्लेटवर दिसते ते त्याच प्रतीचे प्रतिबिंब असते. पॉप खात्यात मेलचा प्रोग्रॅम सर्व्हरवरच्या इनबॉक्समधून मेल आपल्याकडे उतरवून घेतो, आणि त्यानंतर ती प्रत त्या एका उपकरणाची होते. त्या प्रतीचे पुढे काय झाले, हे सर्व्हरला कळवण्याची सोय पॉपमध्ये नाही. अपवाद एकच, तो म्हणजे ‘हा मेल तुझ्याकडून काढून टाक’ ही आज्ञा, आणि पुढील बहुतेक तक्रारींचे मूळ त्या एका आज्ञेतच सापडते.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्यावी. पॉप किंवा आयमॅप हा मेल पत्त्याचा गुणधर्म नाही. तो प्रत्येक उपकरणावर स्वतंत्रपणे केलेला निवाडा आहे. त्यामुळे एकच पत्ता फोनवर आयमॅपने आणि टेबलावरच्या संगणकावर पॉपने चालू असणे सहज शक्य आहे, आणि सर्वाधिक घोटाळा अशाच मिश्र मांडणीत होतो.

संगणकावर वाचलेला मेल फोनवर न वाचलेला का दिसतो?

कारण निदान एका उपकरणावर खाते पॉप पद्धतीने जोडलेले आहे. ‘वाचला’, ‘उत्तर दिले’, ‘महत्त्वाचा’ अशा खुणा ठेवण्यासाठी पॉपमध्ये जागाच नाही. त्याचा आजही चालू असलेला आराखडा 1996 मधील आरएफसी 1939 या दस्तऐवजात आहे, आणि त्यातील आज्ञा मोजक्याच आहेत. एखादे साधे सत्र असे दिसते:

```
STAT
+OK 2 7310
RETR 1
+OK 4210 octets
(मेलचा मजकूर)
DELE 1
+OK
QUIT
+OK
```

इनबॉक्समध्ये दोन मेल आहेत, पहिला द्या, तो तुमच्याकडून काढा, येतो आता. एवढाच हा संवाद आहे. मेल वाचला की नाही, हे येथे कोणी कोणाला सांगत नाही. प्रोग्रॅम ती नोंद आपल्या उपकरणावर ठेवतो आणि ती तेथेच राहते.

आयमॅपमध्ये तुम्ही मेल उघडताच प्रोग्रॅम सर्व्हरवर त्या मेलला खूण लावतो:

```
a3 UID STORE 812 +FLAGS (\Seen)
* 5 FETCH (UID 812 FLAGS (\Seen))
a3 OK STORE completed
```

812 हा त्या मेलचा त्या फोल्डरातला क्रमांक आहे. दुसरे उपकरण पुढच्या वेळी सर्व्हरशी बोलते तेव्हा त्याला 812 ला लागलेली ही खूण मिळते आणि तेथेही मेल वाचलेला दिसू लागतो. यास काही वेळा मिनिटभर किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. तो बहुधा फोनने बॅटरी वाचवण्यासाठी मेल तपासण्याचे अंतर वाढवल्याचा परिणाम असतो, खात्यातील बिघाड नव्हे.

फोनवरचे जुने मेल काही दिवसांनी आपोआप नाहीसे होतात. ते कोण काढते?

या प्रश्नाला अधिक जागा देणे भाग आहे, कारण तक्रार फोनबद्दल असली तरी कारण बहुधा दुसऱ्याच उपकरणावर असते.

एक नमुनेदार मांडणी घेऊ. एकाच पत्त्यावर तीन उपकरणे आहेत. टेबलावरच्या संगणकावर कित्येक वर्षांपूर्वी पॉप खाते तयार केले होते आणि त्यात ‘14 दिवसांनी सर्व्हरवरून काढा’ असा पर्याय निवडलेला आहे. लॅपटॉप आणि फोन नंतर घेतले आणि त्यांच्यावर खाते आयमॅपने जोडले. 3 जून रोजी सायंकाळी एक मेल येतो. तो फोनवर लगेच दिसतो आणि वाचला जातो, लॅपटॉपवरही तो वाचलेला म्हणून दिसतो. 4 जूनच्या सकाळी टेबलावरचा संगणक सुरू होतो, तोच मेल पॉपने उतरवून घेतो, आणि ‘हा मेल 4 जूनला घेतला’ अशी नोंद स्वतःपाशी करतो. सर्व्हरवरची प्रत अद्याप जागेवर असल्यामुळे कोणाच्याही काही लक्षात येत नाही.

18 जूनला चौदा दिवस पूर्ण होतात. संगणक नेहमीप्रमाणे मेल तपासतो, आपली नोंदवही पाहतो आणि सर्व्हरला त्या मेलसाठी DELE ही आज्ञा देतो. सत्र संपताच मेल सर्व्हरवरून जातो. फोन आणि लॅपटॉप हे सर्व्हरचे प्रतिबिंब असल्यामुळे तेथूनही तो जातो. त्यांनी काहीही चूक केलेली नसते, सर्व्हरवर जे उरले तेच ते प्रामाणिकपणे दाखवत असतात. आता तो मेल फक्त टेबलावरच्या संगणकाच्या डिस्कवर आहे.

या प्रकारात दोन गोष्टी विशेष फसव्या आहेत. पहिली अशी की, काढण्याची आज्ञा तो संगणक चालू असेल तेव्हाच जाते. तो तीन आठवडे बंद राहिला तर तेवढे दिवस काहीच नाहीसे होत नाही, आणि तो पुन्हा सुरू होताच मुदत उलटून गेलेले सर्व मेल एकाच झटक्यात फोनवरून जातात. सुट्टीवरून परतलेल्या माणसाला ‘आज सकाळी फोन रिकामा झाला’ असे वाटते आणि तो फोनच तपासत बसतो.

दुसरी गोष्ट अशी की, पॉपला सर्व्हरवरचा केवळ इनबॉक्स दिसतो. तुम्ही लॅपटॉपवर काही मेल ‘करार’ किंवा ‘पावत्या’ अशा स्वतःच्या फोल्डरांत हलवले असतील, तर ते पॉपच्या आवाक्याबाहेर जातात आणि वाचतात. म्हणून इनबॉक्स एका ठरावीक तारखेच्या मागे मोकळा, पण इतर फोल्डर आणि पाठवलेले मेल मात्र शाबूत, असे चित्र दिसल्यास कोठेतरी एखादे पॉप खाते चालू आहे असे जवळजवळ खात्रीने म्हणता येते. ही तारीख रोज एकेका दिवसाने पुढे सरकत असेल, तर शंकेला फारशी जागा उरत नाही.

पण फोनवर मुळातच थोड्याच दिवसांचे मेल दिसत असतील तर?

ती शक्यता आधी तपासून बाजूला करावी. फोनवरील अनेक मेल ॲपमध्ये किती दिवसांचे किंवा किती मेल उतरवून दाखवायचे, याची मर्यादा असते. ती ओलांडलेले मेल फोनवर दिसत नाहीत, परंतु सर्व्हरवर ते जसेच्या तसे असतात.

दोहोंतील फरक ओळखण्याचा मार्ग म्हणजे वेबमेल, अर्थात ब्राउझरमध्ये उघडणारे मेल सेवेचे पान. ते थेट सर्व्हरवरची प्रत दाखवते, मधे कोणताही प्रोग्रॅम नसतो. हवा असलेला मेल तेथे दिसला, तर प्रश्न फोनच्या मर्यादेचा आहे आणि ॲपमधील दिवसांची संख्या वाढवून तो सुटतो. मेल तेथील सर्व फोल्डरांत, कचऱ्याच्या आणि स्पॅमच्या फोल्डरातही, शोधून सापडला नाही, तर तो सर्व्हरवरूनच गेला आहे.

मेल काढणारे उपकरण नेमके कोणते, हे कसे शोधावे?

सर्व उपकरणे एकाच वेळी चालू ठेवून हा शोध लागत नाही. फोन, लॅपटॉप, संगणक यांवरील सर्व मेल प्रोग्रॅम बंद करावेत आणि वेबमेलवरून स्वतःलाच एक मेल पाठवावा, ज्याच्या विषयात ‘चाचणी’ असा सहज ओळखू येणारा शब्द असेल. मग एकेक उपकरण सुरू करून त्याला मेल तपासू द्यावे, प्रोग्रॅम पूर्ण बंद करावा, आणि दर वेळी वेबमेलमध्ये तो मेल अद्याप आहे का ते पाहावे. ज्या उपकरणानंतर तो नाहीसा होईल ते तुमचे उत्तर.

ही चाचणी ‘उतरवताच काढा’ असे सेटिंग असलेले उपकरण लगेच पकडते, मात्र 14 दिवसांची मुदत असलेले उपकरण तिच्यातून निसटते. त्यासाठी सेटिंगच वाचावे लागते. थंडरबर्डमध्ये खात्याच्या `Server Settings` या पानावर `Server Type` समोर `POP Mail Server` लिहिले असेल, तर खाली `Leave messages on server` आणि `For at most … days` हे पर्याय पाहावेत. जुन्या पद्धतीच्या आउटलुकमध्ये खात्यांच्या यादीतच प्रकार `POP/SMTP` किंवा `IMAP/SMTP` असा दिसतो, आणि पॉप खात्याच्या `More Settings` मधील `Advanced` या भागात `Leave a copy of messages on the server` व `Remove from server after … days` हे पर्याय असतात.

विसरलेली उपकरणेही मोजावीत. कपाटात ठेवलेला पण अधूनमधून कोणीतरी चालू करणारा जुना लॅपटॉप, किंवा दुसऱ्या मेल सेवेवर ‘या पत्त्याचे मेल माझ्याकडे ओढून आण’ असे सांगून ठेवलेली सोय, हेही पॉपचे ग्राहक असू शकतात. असे काही सापडेचना, तर मेल खात्याचा पासवर्ड बदलणे हा खात्रीचा उपाय आहे: ज्या उपकरणाची आठवणच नाही ते आपोआप बाहेर पडते, आणि उरलेल्यांवर नवा पासवर्ड तुम्ही स्वतःच घालता.

पॉप खात्यातील ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ या पर्यायाचे प्रकार कोणते आणि इतर उपकरणांसाठी त्यांचा अर्थ काय?

प्रोग्रॅम कोणताही असो, पर्याय साधारण सारखेच असतात.

प्रत अजिबात ठेवू नये असे निवडल्यास जे उपकरण मेल आधी तपासेल ते मेल घेऊन जाते आणि इतरांना तो कधीच दिसत नाही. दोन संगणकांवर असे सेटिंग असेल तर टपाल दोघांत विभागले जाते: काही मेल एकावर, काही दुसऱ्यावर, आणि संपूर्ण संच कोठेच नाही. या मांडणीचे समर्थन करता येईल असे कारण एकाहून अधिक उपकरणे असताना मला तरी दिसत नाही.

ठरावीक दिवस प्रत ठेवण्याचा पर्याय वर तपशिलाने आलाच आहे. तो मधला मार्ग वाटतो, पण नुकसान उशिरा उघड होत असल्यामुळे कारण शोधणे मात्र अधिक कठीण होते.

‘मी खोडेपर्यंत ठेवा’ या पर्यायात तुम्ही त्या संगणकावर मेल खोडला की सर्व्हरवरूनही तो काढला जातो. आउटलुकमध्ये यासाठी मेल `Deleted Items` मधूनही काढावा लागतो. हा नियम एकाच दिशेने चालतो. तुम्ही फोनवर आयमॅपने एखादा मेल खोडला, तर पॉपने आधीच उतरवलेली संगणकावरची प्रत तशीच राहते.

कायम प्रत ठेवल्यास इतर उपकरणांचे काहीच बिघडत नाही. सर्व्हरवरील जागा मात्र भरत जाते, आणि ती पूर्ण भरली की नवे मेल पाठवणाऱ्याकडे परत जाऊ लागतात.

फोनवर आलेला मेल पॉप असलेल्या संगणकावर कधीच आला नाही, असे का होते?

संगणकाने तपासण्यापूर्वीच तो इनबॉक्समधून हलवला गेला असावा. तुम्ही फोनवर तो दुसऱ्या फोल्डरात किंवा संग्रहात टाकला असेल, सर्व्हरवरच्या एखाद्या नियमाने त्याची रवानगी वेगळ्या फोल्डरात केली असेल, किंवा सर्व्हरने त्याला स्पॅम ठरवले असेल. या तिन्ही प्रसंगी पॉपला त्या मेलचे अस्तित्वच कळत नाही. विशेषतः स्पॅमबाबत हे ध्यानात असू द्यावे: जो केवळ पॉप वापरतो त्याला चुकून स्पॅममध्ये गेलेला मेल शोधण्यासाठी वेबमेलच उघडावे लागते.

पॉप खात्यात अचानक सर्व जुने मेल पुन्हा उतरले आणि प्रत्येकाच्या दोन प्रती झाल्या. हे कसे घडते?

सर्व्हरवर प्रत ठेवायची असेल तर कोणता मेल आधीच घेतला आहे, हे प्रोग्रॅमला आठवावे लागते. त्यासाठी तो UIDL या आज्ञेने प्रत्येक मेलची ओळख विचारतो आणि ती आपल्या फाइलमध्ये लिहून ठेवतो. थंडरबर्डमध्ये या फाइलचे नाव `popstate.dat` असे आहे. ही फाइल खराब झाली, नवीन संगणकावर खाते पुन्हा तयार केले, किंवा मेल सेवा नव्या सर्व्हरवर हलल्यामुळे ओळखीच बदलल्या, तर प्रोग्रॅमच्या लेखी इनबॉक्समधील प्रत्येक मेल नवा ठरतो. मग सारे काही पुन्हा उतरते.

दुसरे कारण अर्धवट तुटलेल्या जोडणीचे आहे. पॉपमध्ये DELE म्हटल्याबरोबर मेल जात नाही, त्यावर फक्त ‘काढायचा’ अशी नोंद होते. प्रत्यक्ष काढणे QUIT नंतर घडते. मोठी जोडपत्रे उतरत असताना इंटरनेट खंडित झाले, तर सर्व्हर एकही मेल काढत नाही. आधी घेतलेल्यांची नोंद ठेवण्यात प्रोग्रॅम ढिला असेल, तर तेच मेल पुढच्या वेळी पुन्हा येतात.

आयमॅपमध्येही क्रमांक बदलू शकतात, परंतु प्रत्येक फोल्डरासोबत UIDVALIDITY नावाचा एक आकडा असतो. तो बदललेला दिसला की प्रोग्रॅम आपल्याकडची जुनी यादी टाकून देतो आणि नव्याने आणतो. यात वेळ जातो, प्रती मात्र दुप्पट होत नाहीत.

आयमॅप वापरताना एका ठिकाणी खोडलेला मेल सगळीकडून जातो का? मग सुरक्षित प्रत कोणती?

होय, सगळीकडून जातो, आणि आयमॅपकडे वळणाऱ्यांची सर्वात मोठी गैरसमजूत येथेच होते. ‘फोनची जागा भरली म्हणून तेथून जुने मेल खोडले, संगणकावर तर आहेतच’ हा हिशेब पॉपच्या काळातला आहे. आयमॅपमध्ये फोनवर खोडणे म्हणजे सर्व्हरवर खोडणे होय. फोनवरची जागा मोकळी करायची असल्यास ॲपमधील दिवसांची मर्यादा कमी करावी, मेल खोडू नयेत.

बहुतेक प्रोग्रॅम खोडलेला मेल आधी कचऱ्याच्या फोल्डरात हलवतात, त्यामुळे चूक लगेच लक्षात आल्यास तो परत मिळतो. मात्र अनेक सेवा हा फोल्डर ठरावीक काळाने स्वतः रिकामा करतात. जीमेलमध्ये ही मुदत 30 दिवसांची आहे. काही प्रोग्रॅममध्ये खोडलेला मेल जागेवरच राहतो आणि त्यावर आडवी रेघ दिसते. म्हणजे त्याला `\Deleted` ही खूण लागली आहे, पण कायमचा काढण्याची EXPUNGE ही आज्ञा अद्याप गेलेली नाही.

या सर्वांचा अर्थ असा की आयमॅप ही राखीव प्रत नव्हे. दीर्घकाळ जपायचे मेल एखाद्या संगणकावरील स्थानिक फोल्डरात वेगळे उतरवून ठेवावेत. थंडरबर्डमध्ये `Local Folders` याच कामासाठी आहे. तेथे मेल ओढून नेताना तो हलवावा की त्याची प्रत करावी, हे जाणून निवडावे, कारण हलवल्यास सर्व्हरवरून तो जातोच.

संगणकावरून पाठवलेले मेल फोनवर का दिसत नाहीत?

मेल पाठवण्याचे काम ना पॉप करते, ना आयमॅप. ते एसएमटीपी नावाची तिसरी व्यवस्था करते, आणि पाठवलेल्या मेलची प्रत ठेवणे ही वेगळी कृती आहे. पॉप खात्यात ही प्रत त्या संगणकावरच्या फोल्डरात जाते आणि तेथेच राहते, ती इतरांना दाखवण्याचा मार्गच नाही. आयमॅप खात्यात प्रोग्रॅम मेल पाठवल्यावर त्याची प्रत सर्व्हरवरच्या फोल्डरात चढवतो, म्हणून ती सर्वत्र दिसते.

दोन्हीकडे आयमॅप असूनही प्रत दिसत नसेल, तर फोल्डरांची नावे तपासावीत. एक प्रोग्रॅम `Sent` मध्ये आणि दुसरा `Sent Items` मध्ये प्रत ठेवत असल्याचे पुष्कळदा आढळते. दोघांच्याही सेटिंगमध्ये सर्व्हरवरचा एकच फोल्डर निवडला की पुढचे मेल एकत्र येतात, आणि मागचे एकदा हाताने हलवावे लागतात.

जीमेलमध्ये पॉप काहीसे वेगळे वागते, हे खरे आहे का?

खरे आहे. जीमेलमध्ये पॉपने घेतलेल्या मेलचे पुढे काय करायचे, हे वेबवरील सेटिंगच्या `Forwarding and POP/IMAP` या पानावर ठरते. तेथे प्रत इनबॉक्समध्ये ठेवणे, वाचलेली म्हणून खूण करणे, संग्रहात टाकणे किंवा खोडणे असे पर्याय मिळतात. शिवाय एका पॉप प्रोग्रॅमने घेतलेला मेल दुसऱ्या पॉप प्रोग्रॅमला सहसा पुन्हा दिला जात नाही. त्यासाठी वापरकर्त्याच्या नावाआधी `recent:` लिहावे लागते, म्हणजे आधी कोणी घेतले असले तरी मागील 30 दिवसांचे मेल मिळतात.

पॉपहून आयमॅपकडे जाताना जुने मेल न गमावता कसे जावे?

अस्तित्वात असलेल्या खात्याचा प्रकार बदलण्याचे बटण सामान्यतः नसते, आणि जुने खाते काढून नवे करणे हा सर्वात धोक्याचा मार्ग आहे, कारण काही प्रोग्रॅम खाते काढताना त्याचे स्थानिक मेलही काढून टाकतात. वर दिलेल्या तीन उपकरणांच्या उदाहरणातील टेबलावरचा संगणक घेऊन क्रम सांगतो.

प्रथम त्या संगणकाचे इंटरनेट बंद करून पॉप खात्यातील सेटिंग बदलावे: सर्व्हरवर प्रत ठेवणे चालू, दिवसांची मर्यादा बंद, आणि आपोआप मेल तपासणेही बंद. हे न करता पुढे गेल्यास तुम्ही काम करत असतानाच मुदत संपलेले मेल सर्व्हरवरून जात राहतील. मग मेल साठवलेल्या संपूर्ण फोल्डरची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. थंडरबर्डमध्ये हा प्रोफाइलचा फोल्डर असतो, तर आउटलुकमध्ये पॉप खात्याची साठवण `.pst` या विस्ताराच्या फाइलमध्ये असते.

यानंतर इंटरनेट चालू करून त्याच प्रोग्रॅममध्ये तोच पत्ता दुसरे खाते म्हणून आयमॅप निवडून जोडावा. आता डावीकडे दोन खाती दिसतील, एकात संगणकावरचे सर्व जुने मेल आणि दुसऱ्यात सर्व्हरवर आज उरलेले. वेबमेलमध्ये साठवणुकीची किती जागा शिल्लक आहे ते पाहावे. जुने मेल त्यात मावणार नसतील, तर अलीकडचे चढवून बाकीचे स्थानिक फोल्डरांतच ठेवणे शहाणपणाचे.

जागा असल्यास आयमॅप खात्यात `जुने मेल` असा नवा फोल्डर तयार करावा आणि पॉप खात्यातील मेल त्यात थोडेथोडे, काही शेकड्यांच्या गटाने, प्रत करून टाकावेत. थेट इनबॉक्समध्ये टाकू नयेत, यालाही कारण आहे: सर्व्हरच्या इनबॉक्समध्ये चढवलेल्या प्रतीला नवी ओळख मिळते, त्यामुळे पॉप खाते कोठे अजून जागे असेल तर ते तिला नवा मेल समजून पुन्हा उतरवते. पाठवलेल्या मेलचा फोल्डरही असाच चढवावा, नाहीतर फोनवर उत्तरे दिसतील आणि प्रश्न दिसणार नाहीत, किंवा त्याच्या उलट.

प्रत्येक गटानंतर मेलची संख्या दोन्हीकडे ताडून पाहावी आणि एखादा जोडपत्र असलेला मेल वेबमेलमध्ये उघडून पाहावा. चढवलेले मेल काही ॲपमध्ये आजच्या तारखेला आल्यासारखे एकगठ्ठा दिसतात. तेथे सर्व्हरवर पोहोचल्याच्या वेळेनुसार क्रम लावलेला असतो. मेलची मूळ तारीख मेलमध्ये कायम असते, आणि क्रम पाठवल्याच्या तारखेनुसार लावला की ते आपापल्या जागी जातात.

पॉप खाते एवढ्यावर लगेच काढू नये. आपोआप तपासणे बंद असलेल्या स्थितीत ते काही आठवडे तसेच राहू द्यावे. या काळात फोनवर 14 दिवसांहून जुने मेल टिकून राहिले, म्हणजे सरकणारी तारीख थांबली, तर मेल काढणारे उपकरण तेच होते हे सिद्ध होते. तारीख तरीही सरकत राहिली, तर दुसरे एखादे पॉप खाते अजून कोठेतरी चालू आहे.

पॉप निवडणे आजही योग्य ठरेल असा काही प्रसंग आहे का?

आहे. मेल एकाच संगणकावर पाहायचा आहे, सर्व्हरवरची जागा अगदी थोडी आहे, किंवा मेल दुसऱ्याच्या सर्व्हरवर पडून राहू नये अशी इच्छा आहे, तर पॉप आपले काम चोख करते. आयमॅपच्या जोडीला केवळ साठवणुकीची प्रत घेण्यासाठीही ते वापरता येते. अशा वेळी सर्व्हरवर कायम प्रत ठेवण्याचा पर्याय चालू आहे, याची खात्री प्रोग्रॅम अद्ययावत झाल्यावर किंवा खाते नव्याने जोडल्यावर पुन्हा करून घ्यावी. अर्थात त्या एकाच संगणकाची डिस्क गेली तर मेलही गेले, तेव्हा तिची प्रत घेण्याची जबाबदारी पूर्णपणे तुमची राहते.

खाते जोडताना कोणते पोर्ट द्यावे?

सुरक्षित जोडणीसाठी आयमॅपचा पोर्ट 993 आणि पॉपचा 995 असतो. पाठवण्यासाठी 465 किंवा 587 वापरतात. 143 आणि 110 हे अनुक्रमे आयमॅप व पॉपचे जुने पोर्ट असून त्यांवर जोडणीची सुरुवात उघड्या स्वरूपात होते. एखाद्या उपकरणावर खाते कोणत्या प्रकारचे आहे हे स्क्रीनवर स्पष्ट लिहिलेले नसेल, तर येणाऱ्या मेलच्या सेटिंगमधील पोर्ट पाहावा. तेथे 995 किंवा 110 दिसला, तर ते पॉप आहे.